तपासून तपासून झिजलेलं

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

आज दोन इमारतींच्या लिफ्ट तपासल्या. एकीचा दोर बदलायला सांगितला. दोन वाजता घरी येऊन जेवलो. तुमच्या धाकट्या बहिणीला जाऊन आज चोवीस दिवस झाले. त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही आत होतात आणि मी जिन्यापाशी उभा होतो. बावीस वर्षं वेगळं राहिलेल्या नवऱ्याने आत कुठल्या नात्याने यायचं, ते कळेना.

आमच्या लग्नाच्या जेवणात तुम्ही म्हणाला होतात, "अहो, ही कशात रमत नाही. पोहणं सोडलं, चित्रकला सोडली, दोन नोकऱ्या सोडल्या. सात वर्षांत तुम्हालाही सोडेल, बघा!" सगळे हसले. तीच सगळ्यात जोरात हसली. मीही हसलो, पण आकडा डोक्यात राहिला. तुम्ही तिला लहानपणापासून ओळखत होतात, मी आठ महिन्यांपासून.

माझं कामच बिघाड आधी ओळखायचं. दोरावरून फडकं फिरवायचं, तुटकी तार असली की अडकते. घरीही मी तेच करत बसलो. तिने शिवणाचा क्लास सोडला, ते मी लक्षात ठेवलं. वाचनालयातल्या नोकरीत मात्र ती सहा वर्षं टिकून होती, ते कधी मोजलंच नाही. उशीर झाला की विचारायचो, "कुठे होतीस?" सुरुवातीला ती सगळं सविस्तर सांगायची, वर म्हणायची, "फौजदारसाहेब, अजून काही?" मग थोडक्यात सांगू लागली. मग सांगायचंच टाळू लागली, कारण सांगितलं की चार प्रश्न वाढायचे. तिचं गप्प राहणं मला पुरावा वाटलं. आपलं घर घेऊ म्हणाली तेव्हा मी बघू म्हणालो. जाणाऱ्या माणसाबरोबर घर कशाला, असं मनात होतं. पुढे मनाला लागायला नको म्हणून आधीच जरा लांब राहायला लागलो. तिला दिसत होता तो फक्त लांब गेलेला नवरा.

सातव्या वर्षी तिच्या कपाटात परगावच्या मोठ्या वाचनालयाचं पत्र सापडलं. वरची जागा, राहायला खोली. मी तिला काही विचारलं नाही. आठवडाभर बोललो नाही, आणि मग म्हणालो, "जायचं तर जा, उगाच लपवू नकोस." ती म्हणाली, "कधी जाणार, हेच विचारत आलास रे रोज. थकले मी. जाते." पाच वर्षांच्या चिमणीला घेऊन गेली. आणि ताई, त्या दिवशी रडण्याआधी मला काय वाटलं असेल? आपला अंदाज बरोबर निघाला, असं वाटलं. बावीस वर्षं मी त्याच्याच आधारावर काढली.

गेल्या आठवड्यात चिमणीने आईचे कागद आवरले. त्यात तिने त्या वाचनालयाला पाठवलेल्या उत्तराची प्रत होती. घरच्या कारणाने येऊ शकत नाही, असं लिहिलंय. तारीख माझ्या त्या बोलण्याच्या दोन दिवस आधीची आहे. मला का सांगितलं नसेल, हे आता कळतं. नुसतं पत्र आलं होतं म्हटलं असतं, तरी मी तेवढंच धरून बसलो असतो. नकार दिल्यावर ती जागा गेली. पुढे ती तुमच्याकडेच आली आणि मिळेल ते काम करत राहिली, हे तुम्हाला माहीतच आहे.

आपण त्याच्याबद्दल काय समजतो, ते दोराला कळत नाही. शंभरदा तपासला तरी तो त्यामुळे तुटत नाही. माणूस तुटतो. एवढी साधी गोष्ट मला या वयात कळली. तुमच्या थट्टेत काही ताकद नव्हती. ती खरी करायला मी सात वर्षं राबलो. तुम्हाला दोष देत नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. तुम्ही मध्यंतरी चिमणीबद्दल जावईबापूंना म्हणालात, "आईवरच गेलीय हो ही, सांभाळा, फार दिवस राहायची नाही." तुम्ही दुःखात होतात, बोलून गेलात. ते त्यांना लागलंय. काल चिमणी माझ्याकडे आली होती. तासाभरात त्यांचा तीनदा फोन आला आणि तिन्ही वेळा तिने ऑफिसात असल्याचं सांगितलं. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे आलेय म्हटलं की त्याला वाटतं मी माहेरी यायची तयारी करतेय." ती थाप आज ना उद्या त्यांना कळेल, आणि त्यांचा पहिला पुरावा तोच होईल. मी सांगायला गेलो तर म्हणतील, ज्याची बायको गेली तो काय शिकवणार. ते तुमचं ऐकतात. एकदा जाऊन सांगा की चिमणीची आई टिकली होती. मोडलं ते माझ्यामुळे. उत्तराची प्रत सोबत ठेवतोय. उपयोग होईल असं मला फारसं वाटत नाही. हाही माझा अंदाजच आहे, तेव्हा यावर विसंबून घरी बसू नका.

दोरीवरचे कपडे वाळलेत. ते काढून घड्या करतो.

तुमचाच,
तुमच्या बहिणीचा नवरा