तोंड उघडून बघ

आये, तुझ्या तांबड्या शेळीची आठवण या उन्हाळ्यात मला फार आली. आणि कशावरून आली ते ऐकशील तर तू आधी हसशील आणि मग माझ्या पाठीत एक धपाटा घालशील. तुझे जावई अबोल झाले होते, त्यावरून आली.

पिशोरला शेळीनं चारा सोडला की तू कशी बघायचीस ते मी लहानपणी रोज पाहिलं. ती रवंथ करते का, सगळ्यांपासून लांब उभी राहते का, कान गार पडलेत का. मग चारा बदलून बघायचीस. नवा पाला तोंडाला लावला आणि खाल्ला, तर नुसता कंटाळा होता म्हणायचीस. तांबडीनं नवा पालाही खाल्ला नाही, तेव्हा हिचं मन या दावणीवरून उडालंय असं ठरवून तू तिला बाजारात विकून टाकलीस. पुढच्याच बाजारी घेणाऱ्याची बायको भेटली. तिनं शेळीचं तोंड उघडून बघितलं होतं, गालात बाभळीचा काटा मोडून बसला होता. तू घरी येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलंस, "माझंच चुकलं. भायेरून लई बघितलं, तोंड उघडून नाय बघितलं." चूक इतक्या ताठ मानेनं सांगणारी बाई मी नंतर पाहिली नाही, आणि ती माझी आई आहे याचा मला अजून तोरा आहे.

जावयांचं असं झालं. लग्न झाल्यापासून ते मला मालकीण म्हणतात, ते तू ऐकलंच आहेस. "मालकीण, चहा मिळंल का?" असं तुझ्यासमोर म्हणाले तेव्हा तू पदरात तोंड लपवून हसली होतीस. संक्रांतीनंतर कधीतरी ते थांबलं. मग दुपारच्या सुट्टीत शेंद्र्याच्या कारखान्यातून येणारा फोन थांबला. मी शाळेतली गंमत सांगायला लागले की "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"मध्ये ते नसायचेच. भांडण नाही, टोमणा नाही. भांडले असते तर मी खूश झाले असते, इतकी वाईट वेळ आली.

त्याच सुमारास आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, संस्थेच्या पिशोरच्या शाळेत जाल का, तिथे राहावं लागेल. घरी सांगितलं, तर त्यावरही "हं"च आलं. माझ्या मनानं लगेच हिशोब जुळवला. यांचं मन उडालं असेल तर इथं ताटकळत का बसू? स्वतःचा पगार आहे, माहेरचं गाव आहे. पण तांबडीही तू अशीच घाईनं विकली होतीस, म्हणून मी आधी बघायचं ठरवलं.

फक्त माझ्याशीच असे आहेत, की सगळ्यांशी? भावाचा फोन आला तरी दोन शब्दांत उरकायचे. रविवारी शहागंजात मित्रांबरोबर चहाला जायचे, तेही सोडलं होतं. झोप धड नव्हती, वांग्याचं भरीत समोर असून ताटात तसंच राहायचं. म्हणजे रुसवा माझ्यावरचा नसावा, कसलं तरी ओझं असावं. मला जरा बरं वाटलं, आणि तेवढ्यात एका लग्नात ते मेहुण्यांच्या घोळक्यात खो खो हसताना दिसले. बाहेर हसू आहे आणि घरात नाही, तर मग खोट माझ्यातच ना? घरी परत येताना गाडीत बसल्याबरोबर त्यांचा चेहरा असा उतरला, की ते हसू बाहेरच्यांसाठी ओढूनताणून आणलेलं होतं हे मला दिसलं. माणूस जिथं नाटक करायची गरज नसते तिथंच गळून बसतो. पण हे मी स्वतःच्या समाधानासाठी तर म्हणत नाही ना, अशीही शंका यायची.

मग तुझ्यासारखा चारा बदलला. मी त्यांना पैठणकडे धरणाच्या पाण्यावर घेऊन गेले, आम्ही कधी गेलो नव्हतो त्या बाजूला. नुसता कंटाळा असता तर नव्या जागी खुलले असते. ते पाण्याकडे बघत बसले, आणि निघताना माझी चप्पल चिखलात रुतली तर वाकून काढून, पुसून दिली. रोज सकाळी माझ्या स्कूटीची हवा बघणं, माझ्या थायरॉइडच्या गोळ्या संपायच्या आत आणणं, पावसाळ्याआधी "आपण" गच्चीवर पत्रा टाकू म्हणणं, यातलं काही सुटलं नव्हतं. उडालेलं मन पुढच्या पावसाळ्याचं "आपण" म्हणून बोलत नाही. पण सवयीनंही माणूस हवा बघतोच की! आणि दरम्यान मीही अबोल झाले होते. ते गप्प म्हणून मी गप्प, मी गप्प म्हणून ते आणखी गप्प. आता कुणाची थंडी कुणाला लागली हे बाहेरून कळणार कसं?

बाईंना सोमवारी उत्तर द्यायचं होतं. रविवारी सकाळी ते गच्चीवर कूलरचा वाळा बदलत होते. मी जाळी धरायला गेले. समोरासमोर बसून विचारलं असतं तर उलटतपासणी झाली असती. "माझ्यावर माया राहिली नाही का?" असं विचारायचं नाही हे मी ठरवलं होतं, कारण त्यावर कुणीही "असं काय बोलते" एवढंच म्हणतो. मी म्हणाले, "तुम्ही मला मालकीण म्हणायचं सोडलं. मला चुकल्यासारखं होतं. काय झालंय ते सांगा, काहीही असू द्या, मी ऐकून घेईन."

ते वाळा ठोकायचे थांबले. "तुझ्या ध्यानात आलं व्हय?"

"संक्रांतीपासून."

हातातला वाळा खाली ठेवून म्हणाले, "लाईन बंद व्हायलीय आमची. पोरं कमी करायलेत, अन् सांगायचं काम माझ्याकडं दिलंय. दुपारी ज्याच्या डब्यातलं खायचं, संध्याकाळी त्यालाच उद्या येऊ नको म्हणायचं. घरी आलं की तोंड उघडू वाटत नाय. मालकीण म्हणायला आधी आपण माणूस असल्यासारखं तर वाटाया पाह्यजे ना."

"आणि माझ्यावरून मन?"

"येडी हाय का? तू पिशोरला जाशील म्हणून झोप नाय मला. पण जाऊ नको कसं म्हणू? तुझं बी काही असंल."

आये, काटा सापडला. मी रडले, आणि खरं सांगते, अभिमानानं ऊर भरून आला. त्यांच्यासाठी, कारण पोरांना घालवताना ज्याची झोप उडते असा माणूस मी निवडला. आणि माझ्यासाठीही. कुठलंही उत्तर आलं असतं तरी जाळी हातातून सुटू दिली नसती.

सोमवारी मी बाईंना नाही म्हटलं. काटा निघाला म्हणून शेळी लगेच उड्या मारत नाही, तसंच झालं. लाईनचं काम आटपेपर्यंत तो "हं" होताच. पण आता तो "हं" कशाचा हे मला माहीत होतं, आणि मी माझं बोलणं सुरू ठेवलं. शेवटी एका सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "मालकीण, साखर कुठं हाय?"

साखर कुठं आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ती हाक ऐकून मला आनंद झाला, पण जेवढा होईल असं वाटलं होतं तेवढा नाही झाला. मी इतके दिवस त्यांच्याच तोंडात बघत होते, माझं कुणी उघडलंच नाही. पिशोरचं नाव निघालं तेव्हा त्यांचं मन उडालंय की नाही या विचाराआधी मला आपल्या माळावरचा वारा आठवला होता. कंटाळा मला आला होता, आये. त्यांचा नाही, या घर-शाळा-घराचा.

हे पत्र तुझ्याकडे येणार नाही. हे आधी त्यांना तोंडानं सांगायचं आहे, आणि अजून मी सांगितलेलं नाही.