जिन्यावरचा चौथा

आदरणीय प्राचार्य सर,

मोबाइल गेमिंग स्पर्धेसाठी विद्यार्थी निधीतून मदत मागायला हा अर्ज. सोळा संघ, प्रत्येकी चौघे, हरला तो बाद. सभागृहात वेगळा राउटर लागेल, कारण कॉलेजच्या वाय-फायवर इतके मोबाइल एकदम आले की खेळ अडकतो. प्रवेश कॉलेजच्या चालू वर्षाच्या ओळखपत्रावरच. तुम्ही नाही म्हणू नये म्हणून हा नियम मीच घातला.

इथे पेन थांबलं. आमच्या संघातला चौथा, 'बॅटरी', गेल्या वर्षी कॉलेज सोडून वडिलांच्या गॅरेजात लागला. पहिल्या वर्षी नेट फक्त ग्रंथालयाच्या जिन्यावर यायचं. तिथे आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसायचो, आणि ऐन रंगात याचा मोबाइल बंद पडायचा.

"अरे, चार्जर आण की कधीतरी!"

"तुम्ही कशाला आहात मग?"

खेळात कुणी "मेलो, मेलो!" म्हणून बोंबललं की वरून शिपाईकाका ओरडायचे, "हळू मरा रे, इथे लोक वाचतायत!"

स्पर्धा त्याच्यासाठीच मांडली, आणि माझ्याच नियमाने तो बाहेर राहिला. नियम काढला तर निधी मिळणार नाही. फी भरणाऱ्यांचा पैसा त्यांच्यासाठीच, हे मलाही पटतं. म्हणून अर्ज देत नाही. शनिवारी त्याला जिन्यावरच बोलवावं म्हणतो. काकांना विचारलं, तर म्हणाले, "येऊ दे. चार्जर माझा."

आपला,
तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी