खरकटं निघायच्या आत

२ मे
निमगाव सावा. हळद अजून नखांत आहे आणि मी भलतीच खूश आहे! ओतूरच्या दोन खोल्यांतून आले ती थेट या ऐसपैस घरात. मागे कांदा साठवायची बराख, पुढे मळा. भरतने (माझा नवरा, लिहितानाही लाजते) बांधाबांधाने फिरवलं. सासूबाई कुशाबाई कमी बोलतात. त्यांची कसर नणंद हर्षाली भरून काढते.

५ मे
बराखीत कांदा भरायला मीही हौसेने गेले. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "हिच्या हातचा कांदा नासतो." हर्षाली खुदकन हसली. भरत मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. खोलीत आल्यावर मात्र जवळ घेऊन म्हणाला, आई तशीच आहे, मनावर घेऊ नकोस. खोलीत काय गोड बोलतो हा माणूस!

६ मे
मी रचलेला तेवढाच थर सडला. काळं पाणी गळतंय. शेजारचा हर्षालीचा कांदा खणखणीत.

११ मे
काल जेवताना सासूबाईंकडून ऐकलं, मी चोरावानी चालते, पाऊल वाजत नाही. भरतने आमटी मागितली.
आज पैंजण घालून फरशीवर पाय आपटले. आवाज नाही. भरतला दाखवलं, तर म्हणे तू फार लावून घेतेस, आईची माफी माग, विषय मिटेल. आणि मी मागितली! कसली बावळट मी.

१४ मे
शेजारच्या चिमाबाईंनी धुण्यावर हळूच सांगितलं. "त्या घरात सासूचा ताटावरचा बोल खरा होतो, पोरी. खरकटं निघायच्या आत नवऱ्यानं खोडायचा. दुसऱ्या कुणाचं चालत न्हाई."
भरतला विचारलं. त्याला ठाऊक आहे. लहानपणापासून. मग बोलत का नाहीस? म्हणाला, तुझ्यावरचा बोल खोडला तर आई पुढचा माझ्यावर घेईल.
मला त्याची किळस आली.

१९ मे
काल जेवताना सासूबाई म्हणाल्या, "हिला तोंड हाय का न्हाई?" भरतने लोणचं घेतलं.
आज सकाळी माहेरी फोन लावला. आई हॅलो हॅलो करत राहिली. माझ्या गळ्यातून काहीच—

२० मे
पिशवी भरली होती. भरत पाया पडला. आज नक्की खोडतो म्हणाला, शपथ घेतली. थांबले.

जेवणं चाललीत. दाराआडून लिहितेय. माझं ताट मांडलेलं. सासूबाई विचारताहेत, "हे ताट कुणाचं? आपल्यात आणखी कोण हाय?" हर्षाली माझ्याकडे बघते, ओळखत नाही—

भरतला दिसतेय मी. डोळ्यांत बघतोय. तोंड उघडलं—

पाणी मागितलं.

एक शब्द, भरत. नुसती मान हलव—

ताटं उचलताहेत. त्याचं एकच राहिलंय. बोटं चाटतोय. अजून वेळ आहे, अजून— उठला. हात धुतोय— पेन दिसतंय, माझा हात कुठे—