हनुवटीवरचा व्रण

४ मार्च, मंगळवार

भिंगरीचं मोडलं. लेकीकडून कळलं होतंच, आज तिचा स्वतःचा वसतिगृहातून फोन. आधी नुसतं मुसमुसणं. दोन वर्षं ज्याच्याबरोबर होती तो आता तिच्याच खोलीतल्या मैत्रिणीबरोबर फिरतो म्हणे. मी ऐकत होते. नात रडते आणि आपण इथे खुर्चीत बसून नुसतं हं हं करायचं!

मग एकदम रडणं थांबलं आणि आवाज सपाट झाला. त्या मुलीचे केस एका तापात गेलेत, ती टोप घालते. हिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. टोपाशिवायचा तिचा एक फोटो हिच्याकडे आहे, विश्वासाने काढू दिलेला. तो म्हणे कॉलेजच्या सगळ्या ग्रुपवर टाकणार.

"असलं काही करायचं नाही, सांगून ठेवते," म्हणून ओरडले.

"तुला नाही कळणार आजी. तुझं कधी मोडलंय?"

फोन बंद.

५ मार्च, बुधवार

चार वेळा फोन लावला, उचलत नाही. लेक म्हणते, तू मध्ये पडू नकोस, होईल शांत. फोटोचं लेकीला सांगितलं नाही. सांगितलं तर ती तिथे जाऊन पोरीची सालं काढेल, आणि मग भिंगरी तो हट्टानेच टाकेल.

पत्र लिहायचं ठरवलं. फोनवर मी उपदेश करते. पत्रात समोरच्याला मला थांबवता येत नाही, पण निदान हातातलं ठेवून पुन्हा उचलता येतं. तीन दिवस लागतात पोचायला.

दुपारी तीन पानं लिहिली. तू हुशार आहेस, आयुष्य मोठं आहे, असे छप्पन्न मिळतील. वाचून मलाच जांभई आली. फाडलं.

७ मार्च, शुक्रवार

"तुझं कधी मोडलंय?" हे डोक्यातून जात नाही. तर सांगावं ना मोडलेलं.

आज त्याच्याबद्दल लिहिलं. फोटो स्टुडिओच्या समोरच्या कचेरीत टंकलेखक होता. मी एकवीसची, स्टुडिओत रिटचिंगला, म्हणजे फोटोतले डाग घालवायला. जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर भेटायचो. दोन वर्षं. मग एक दिवस म्हणाला, घरच्यांपुढे माझं काही चालत नाही. एवढंच. जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला.

लिहिताना छान रंगलं. तो पार नेभळट आणि मी अगदी देवीची मूर्ती! पाच पानं झाली. वाचलं तर त्यात मी एकदाही चुकले नाही. असली बाई मला रस्त्यात भेटली असती तर मी फुटपाथ बदलला असता. तेही पाठवलं नाही.

८ मार्च, शनिवार

वाचनालयात गेले. तिथल्या मैत्रिणीने नेहमीसारखी खिडकीजवळची माझी खुर्ची पिशवी ठेवून धरली होती. नवीन मासिकही माझ्यासाठी दडवून ठेवलेलं. "आज चेहरा उतरलाय तुमचा," म्हणाली. नातीचं सांगितलं, वरवर. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

ही त्या टंकलेखकाची बायको. सहा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हापासून ती वाचनालयात येते. मी त्याला ओळखत होते हे तिला माहीत नाही. इथे तरी लिहून टाकलं. आजवर या वहीतही लिहिलं नव्हतं.

९ मार्च, रविवार

तिसरा खर्डा. यात फोटोचं आणलं. तो लग्नानंतर बायकोला घेऊन आमच्याच स्टुडिओत फोटो काढायला आला, गावात दुसरा होता कुठे? आणि ती निगेटिव्ह माझ्या मेजावर आली. इथपर्यंत खरं.

पुढे लिहिलं: "मी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि तिचा चेहरा माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या हाताने साफ केला."

किती छान वाक्य! सुवाच्य अक्षरात उतरवलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं. तेवढंच वाक्य खोटं आहे, आणि पत्र सगळं त्या वाक्यासाठीच लिहिलंय.

१० मार्च, सोमवार

पेटीपर्यंत गेले. परत आले. पाकीट फ्रिजवर ठेवलंय. भिंगरी अजून फोन उचलत नाही. लेक म्हणते, ती गप्प आहे पण जेवते. मनाची समजूत घातली की गप्प आहे म्हणजे विचार करत असेल.

११ मार्च, मंगळवार

पाकीट फोडलं. बसले. पाठ धरेपर्यंत लिहिलं. खाडाखोड तशीच ठेवली, पुन्हा उतरवून काढलं नाही. उतरवायला घेतलं की माझा हात आपोआप सफाई करायला लागतो, चाळीस वर्षं तेच तर केलं. मधला भाग इथे ठेवते, कारण असं पुन्हा लिहायला जमायचं नाही.

"…पहिले काही आठवडे कसे असतात ते मला आठवतं. कुठलीही गोष्ट खाल्ली तरी कागद चघळल्यासारखी लागते. कचेरी सुटायच्या वेळी मी लांबच्या रस्त्याने घरी जायची, त्याचा खोकला ऐकू येऊ नये म्हणून, आणि कोपऱ्यावर थांबून ऐकायचीसुद्धा. लाज कशाची वाटत होती ते मात्र कळायचं नाही. सोडलं त्याने आणि मान खाली माझी. तुला आत्ता तसंच होत असेल. त्याला औषध नाही, मी खोटं सांगणार नाही.

"आता कामाचं ऐक. तेव्हा फोटो साफ करायचा तो निगेटिव्हवर. तिरकं मेज, मध्ये दुधी काच, खाली आरसा, आरशातून खिडकीचा उजेड वर यायचा. काचेवर निगेटिव्ह. कापसाने त्यावर पातळसं औषध चोळायचं, म्हणजे शिसं धरतं. पेन्सिल पॉलिशपेपरवर घासून सुईसारखी करायची. निगेटिव्हवर सगळं उलटं. काळा डाग तिथे फिकट दिसतो, तो टिंबाटिंबाने भरत आणायचा, की कागदावर डाग उरत नाही. मी त्यात तरबेज होते.

"तिच्या हनुवटीवर व्रण होता, ओठापासून खालपर्यंत. ती आदल्या दिवशी एकटी येऊन मालकांना सांगून गेली होती. मी पडद्यामागे होते. म्हणाली, एवढा घालवाल ना, हा फोटो सासरच्या भिंतीवर लागणार आहे. फार हळू म्हणाली.

"तो व्रण भरायला मला पाव तास लागला असता. मी पूर्ण दुपार बसले. व्रणाला हात लावला नाही. त्याच्या भोवतीची कातडी भरली. गाल, गळा, हनुवटीच्या दोन्ही बाजू, सगळं इतकं नितळ केलं की कागदावर तो व्रणच तेवढा उठून आला, होता त्याच्या दुप्पट. कुणी बोट ठेवायला जागा नव्हती, काम तर केलेलं दिसत होतं. मालकांनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, हा व्रण राहिला कसा? मी म्हटलं, उजेड बरा नव्हता.

"ती फोटो न्यायला आली. पाकिटातून काढून बघितला. पदराने हनुवटी झाकली आणि गेली. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. ती जिना उतरेपर्यंत वाटलंही.

"भिंगरी, तिने माझं काय केलं होतं? माझं ज्याने केलं त्याला मी शब्दानेही दुखावलं नाही, कारण तो परत येईल अशी आशा होती. म्हणून जी हाताशी सापडली तिच्यावर काढलं. तो गेला तेव्हा शेजारच्या बायकांबरोबर मीही भेटायला गेले होते. फोटो अजून भिंतीवर आहे. मला आता त्याचा चेहरा नीट आठवत नाही, पण तो व्रण टिंबाटिंबाने आठवतो. मोडलेलं मन होतं बरं. हे नाही होत. तो फोटो पुसून टाक, बाळ. ग्रुपवर टाकू नको एवढंच नाही, तुझ्याजवळूनच घालव…"

१२ मार्च, बुधवार

सकाळच्या पहिल्या डाकेत टाकलं. पेटीत हात घालून बघितलं, खाली पडलं ना. मोकळं वाटलं.

१३ मार्च

गुडघे. दिवसभर पडून.

१५ मार्च, शनिवार

आज मिळालं असेल. फोन नाही. वाचनालयात गेले नाही. खरं लिहून झाल्यावर तिच्या शेजारी बसवत नाही.

१६ मार्च, रविवार

सकाळी अकराला भिंगरीचा फोन.

"आजी, पत्र काल मिळालं," म्हणाली. आवाज बसलेला. "मी फोटो गुरुवारी टाकला."

पुढचंही तिनेच सांगितलं. तासाभरात काढलाही, पण तेवढ्यात सगळीकडे गेला होता. मुलगी रात्रीच सामान घेऊन घरी निघून गेली. टोप खोलीतच टाकून गेली. भिंगरीने तो धुऊन वाळत घातलाय. का घातला तिलाही माहीत नाही. तो मुलगाही आता दोघींशी बोलत नाही.

गुरुवारी. मी हिशेब मांडला. पाच तारखेला खरं लिहिलं असतं तर शनिवारी, आठला, तिच्या हातात पडलं असतं. पाच दिवस आधी. मी तोवर स्वतःचाच फोटो साफ करत बसले होते. ते मी तिला सांगितलं, जसंच्या तसं. म्हटलं, यात माझाही वाटा आहे.

ती म्हणाली, "ते राहू दे. मला एकच सांग. तू तिला सांगितलंस?"

"कुणाला?"

"आजी."

"नाही," म्हटलं.

"बावन्न वर्षं?"

"रोज शेजारी बसते ती माझ्या."

मग पोरगी म्हणाली, मला तिच्या घरी जायचंय, टोप द्यायला, पण पाय उचलत नाही. दार तोंडावर लावतील. काय बोलायचं ते तू सांग. मी म्हटलं, मला तरी कुठे माहीत आहे? मी कधी गेलेच नाही.

"मग तू आधी जा," म्हणाली. "जाऊन आलीस की फोन कर. मग मी जाते."

एकोणीस वर्षांची आहे. कुणावर गेली कोण जाणे.

१७ मार्च, सोमवार

गेले. खुर्ची धरलेली होती. बसले नाही, उभ्यानेच म्हटलं, तुमच्या भिंतीवरच्या फोटोबद्दल बोलायचंय.

तिने हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. हनुवटीला हात लावला.

"यांनी मला लग्नाच्याच वर्षी सांगितलं होतं, तो फोटो कुणाच्या हातचा ते," म्हणाली. "मी सहा वर्षं तुमची खुर्ची धरतेय. बसा."