नसलेल्या भावाला गायलेल्या ओव्या

तीर्थरूप आये,

कराची बंदराहून तुझ्या नाम्याचा दंडवत.

तू गेलीस त्याला वर्ष होत आलं आणि पत्र आज लिहितोय. का, ते विचारू नकोस. म्हणजे विचार, सांगतोच. माझं डोकं फिरलंय! तुझ्यामुळे, गंगीमुळे, आणि आपल्या घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नाही त्यामुळे.

तुझी पहाटेची जात्यावरची ओवी आठवते?

बंधू रे माझ्या राया, विहीर गावाबाहेर,
दोन सुनांच्या घरात, एका डोईवर घागर.

मी चुलीपाशी गोधडीत पडून ऐकायचो. एकदा उठून विचारलं होतं, "आये, तुला भाऊच नाय, मग गातंस कोनाला?"

तू पीठ लोटत म्हणालीस, "नाय म्हनून तर बरं हाय. असता तर काठी घेऊन भांडायला आला असता. हा बिचारा नुसता ऐकतो."

आतल्या खोलीत आजी खोकली. आणि उजाडल्यावर तीच आजी काकीला म्हणाली, "ऊठ गो धाकटे, पडून काय रायलीस? घागर घे!" तुला कोणी काही विचारलं नाही, तूही कोणाला काही सांगितलं नव्हतंस. पाणी मात्र त्या दिवसापासून दोघींनी आणलं.

मला वाटलं, आजीला सपन पडलं असेल! केवढा बावळट मी.

मग एकदा मीच ओवी जुळवली. "आजी गं तू, आजी गं तू" करत अंगणात नाचत गायलो. आजीने दांडकं घेऊन मला पिंपळापर्यंत पळवलं आणि वर तुलाच बोलली, "पोराला शिकवून धाडतंस व्हय गो?" तेव्हा तू माझा कान पिळून काय म्हणालीस? "मानसाकडं बोट केलं का मानूस बोट बघतं रं, विहीर नाय बघत."

एवढं बोललीस तर पुढचंही नीट सांगायचं होतंस ना! दुसरीतच शाळा सोडलेल्या पोराला हे आपोआप कळेल, असं वाटलं होय तुला?

आता काय झालं ते ऐक. दिवाळीनंतर तुझ्या लेकीचं, गंगीचं, पत्र आलं. तिला कुठलं लिहायला येतंय! ओट्यावर बसून तिने सांगितलं, गुरवमामांनी लिहिलं. शेजारी बा बसलेला. सगळी खुशाली, शेळी व्याली, भात बरं आलं, आणि शेवटी तुझ्या नावाची ओवी.

आये गं माझे आये, खाडीपल्याड एक दार,
सासू न्हाई, सवत न्हाई, उंबऱ्यात पोरं चार.

मी वाचली आणि रडलो. म्हटलं, पोरीला आईची आठवण येते. पत्र घडी करून पेटीत ठेवलं. झालं!

माझ्या खोलीत रत्नागिरीचा पांडू राहतो. धक्क्यावर आम्ही दोघे गव्हाची पोती उचलतो. मी त्याला ओवी म्हणून दाखवली, तर तो म्हणतो, "कोणाचं रे ते दार?"

"आमच्या मिठागराच्या मुकादमाचं. त्याची बायको वारली. त्याने गंगीला मागणी घातली होती, आईने तोंडावर नाही म्हटलं."

"म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं?"

"तर! तिनेच तर नाही म्हटलं."

"मग जे आईला आधीच ठाऊक, ते बहीण तिला कशाला सांगत्येय? आणि खुळ्या, टपाल कोणाच्या नावावर आलंय? आईच्या?"

आये, पोतं डोक्यावर पडावं तसं झालं बघ. गंगी तुझ्याशी बोलतच नव्हती! तिचं लग्न तिकडे ठरतंय, हे बाच्या देखत ती मला सांगत होती. तुझं नाव पुढे करून. तू त्या नसलेल्या बंधूचं करायचीस तसं. आणि तिचा सख्खा भाऊ इथे रडत बसला होता!

लेकीला शिकवलंस, मला नाही. का गं? मी जात्यावर बसत नव्हतो म्हणून?

बरं, कळलं. मग मी काय केलं? सरळ बाला पत्र लिहिलं. "बा, तू गंगीला त्या मुकादमाला देऊ नकोस. तू आईचा शब्द मोडतोस." तू, तू, तू! आपल्याकडे पत्र म्हणजे अख्ख्या आळीने ऐकायची गोष्ट, हे मला कराचीत आठवेना. गुरवमामांनी ते ओट्यावर चढ्या आवाजात वाचलं. सगळी आळी बाकडे बघायला लागली. बा उठून उभा राहिला म्हणे. "खाडी सोडून पलाला, तो मना शिकवतो? शिमगा होऊं दे, लगीन लावतोच!"

म्हणजे बोट दिसलं. विहीर नाही दिसली.

पुढचे आठ दिवस मी पांडूशीही भांडलो. मग तुझी एकेक ओवी आठवून बघितली. ज्याचं नाव घ्यायचं, त्याला उत्तर देता येऊ नये. नाव घेतलेल्याला जे आधीच ठाऊक असतं, किंवा त्याच्या हातून जे होणारच नसतं, ते दुसऱ्या कोणासाठी असतं. आणि त्या दुसऱ्याचं नाव कधीच घ्यायचं नाही. त्याला कळतं. कळलं तरी कोणी त्याच्याकडे वळून बघत नाही, म्हणून त्याला घागर उचलायला लाज वाटत नाही. बरोबर ना? का अजून काही लपवून ठेवलंयस?

म्हणून हे पत्र तुला. गुरवमामांना वेगळ्या चिठ्ठीत कळवलंय, इथवरचं मनात वाचा, मोठ्याने फक्त पुढचं वाचा, आणि वाचताना डोळे कागदावरच ठेवा, ओट्यावर कोणाकडे बघू नका.

तर आये, तू आजारी होतीस तेव्हाची गोष्ट. मी घरी आलेलो, चुलीवर तुझं पाणी तापवत होतो. तू म्हणालीस, "गंगीला खाडी वलांडून देऊ नका." आणि तुला उत्तर आलं, "नाय देनार. तू झोप." तू हसलीस आणि झोपलीस. आठवतं का गं? तुला तर आठवणारच.

आणि हेही तुला ठाऊक आहे, की तुझ्यामागे त्या ओट्यावर संध्याकाळचं बोलायला कोणी उरलं नाही. मी पळालो. नाशकाला, भुसावळला, इथे. कुठे म्हणून पाय टिकला नाही माझा. मग बोलायला रोज मुकादमच येऊन बसतो. जो रोज येऊन बसतो त्याला नाही म्हणणं जड जातं, आये. त्यात वाईट मन नसतं. नुसतं एकटेपण असतं.

माझा राग आहे तो तुझ्यावर. एवढ्या लवकर कोणी जातं का? घर असं अर्ध्यावर टाकून?

आता वचन देतो. पुढच्या आगबोटीने निघतो. कल्याणला रेल्वेच्या कारखान्यात काम मागेन, नाहीच मिळालं तर मिठागरात मीठ गोळा करायची फळी ओढेन. संध्याकाळी ओट्यावर मी असेन, रोज. पाय बांधून ठेवेन, पण असेन.

आणि ही माझी ओवी. वाकडी आहे, हसू नकोस.

आये गं माझे आये, ओट्यावर एकटं कोन?
येतो शिमग्याच्या आधी, पाट मांडून ठेव दोन.

तुझा,
नाम्या