पन्नासाव्या पिशवीखालच्या ओळी

६ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या गुडघ्याचं काय ते खरंखरं कळव. फोनवर तू नेहमी ‘बरा आहे’ एवढंच म्हणतेस.

आता कामाचं. गेल्या रविवारी मी पन्नासाव्यांदा रक्त दिलं. दर तीन-चार महिन्यांनी जातो, तसाच गेलो होतो. बोटाला टोचून रक्त पुरेसं आहे का ते पाहिलं, वजन, रक्तदाब, नेहमीचे पन्नास प्रश्न. मग झोपलो, हातात चेंडू दाबत. पिशवी त्या झुलत्या काट्यावर डुलत भरत होती आणि नर्सबाई तपासणीसाठीच्या छोट्या नळ्या भरत होत्या. पन्नासावी म्हटल्यावर त्यांनी सरबताचा पेला हातात देऊन फोटो काढला. तो रक्तपेढीच्या भिंतीवर लावणार आहेत. खाली दोन ओळी माझ्याच शब्दांत हव्यात म्हणे. तुझी भाचीही तोच फोटो सगळ्यांना पाठवायला टपली आहे. तिने लिहिलेल्या ओळीत मी ‘देवदूत’ आहे. लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीस फासून बसणारा देवदूत!

तू वर्तमानपत्रात आयुष्यभर छोट्या जाहिराती लिहिल्यास. माझ्यासाठी दोन ओळी लिही. बढाई वाटता कामा नये, आणि खोटा विनयही नको.

हिचा नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१३ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा जिन्याला घाबरतो, मला नाही. पुरे झालं ते.

मी पस्तीस वर्षं श्रद्धांजल्या आणि ‘वर पाहिजे’ लिहिलं. जिवंत आणि लग्न झालेल्या माणसाबद्दल काय लिहावं याची मला सवय नाही. तरी प्रयत्न केला. ‘रक्त देताना टोचतं ते एकदाच, आणि सरबत फुकट मिळतं.’ हे तुला चालेल, पेढीला चालणार नाही. दुसरं: ‘अनोळखी माणसांच्या अंगात माझं थोडंसं फिरतं आहे.’ हे वाचून मलाच शहारा आला, खोडलं.

खरं सांगू? आकडा लिहिला की बढाई होते आणि लपवला की नाटक. त्या दिवशी तुला काय झालं ते लिही. चक्कर आली, भूक लागली, कंटाळा आला, काहीही. लोकांना तू कसला मोठा ते नको असतं, आत गेल्यावर काय होतं ते हवं असतं. दोन दिवस विचार कर आणि मला पाठव, मी कात्री लावीन.

धाकट्या भावजयीला आणि भाचीला आशीर्वाद. पत्राला उशीर केलास तर रागावेन, रागावता आलं नाही तर जास्तच रागावेन.

तुझी,
ताई

२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस. फोनवर बोलता येत नाही. दोन खोल्यांचं घर, आणि माझा फोन म्हणजे घराची चावडी.

मागच्या सोमवारी रक्तपेढीतून फोन आला. बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या की मागच्या रक्तदानाबद्दल थोडं बोलायचं आहे, सवडीनं येऊन जा. काय ते विचारलं, तर फोनवर सांगता येत नाही म्हणाल्या. ताई, तो मऊ आवाज! लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी मी त्याच आवाजात बोलतो, दोर तुटायला आलेला असला तरी.

तीन दिवस गेलोच नाही. कामाचं निमित्त काढलं. चौथ्या दिवशी गेलो. त्यांनी मला खुर्च्यांच्या रांगेत न बसवता एका छोट्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी आधी पाणी दिलं. प्रत्येक पिशवीबरोबरच्या नळ्या एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी, गुप्तरोग, मलेरिया यांसाठी तपासतात, निकाल येईपर्यंत पिशवी कुलपात असते. माझ्या नळीत हिपॅटायटिस सी, म्हणजे सी प्रकारची कावीळ, असल्याची खूण दिसली. पिशवीचे लाल पेशी, प्लाझ्मा असे जे भाग केले होते ते सगळे नष्ट केले. कुणालाही गेले नाहीत.

पहिली चाचणी कधी कधी उगाचच ओरडते, असंही त्या म्हणाल्या. म्हणून नवं रक्त घेतलं. त्यात प्रत्यक्ष विषाणू आहे का ते मोठ्या प्रयोगशाळेत बघणार. तोवर थांबायचं.

मला काही त्रास नाही. भूक लागते, जिने चढतो. पण रात्री मनात एकच येतं. ही पिशवी थांबवली, ठीक. पण त्याच्या आधीची? ती तर कुणाच्या तरी अंगात गेली असेल.

हिला सांगितलेलं नाही. सांगायला तोंड नाही.

एरवी तुझ्याकडे माया मागतो, आज धीर मागतो.

तुझा,
धाकटा

२९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं.

मी इथल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना, नाव न घेता, विचारलं. म्हणाल्या, हा विषाणू रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, एक पेला वापरल्यानं नाही. दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश, नेलकटर मात्र वेगळं ठेवायचं. आणि आता याला गोळ्या आहेत, बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात.

आजच्या आज धाकटीला सांग. तुझ्या भीतीपेक्षा तुझं गप्प बसणं तिला जास्त लागेल. तिचीही तपासणी करावी लागेल, ती काय तू चोरून करणार आहेस?

देवावर नाही, डॉक्टरांवर भार टाक. मी आहेच.

ताई

९ जुलै

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला मी क्वचित लिहिते, म्हणून आधी क्षमा. पण हे तुमच्या भावाकडून कळणार नाही.

पंधरा दिवस हे घरात परक्यासारखे वागत होते. आपला पेला वेगळा ठेवायचे, उकळत्या पाण्यात धुवायचे. उकाडा होतो म्हणून बाहेरच्या खोलीत निजायचे, आणि बाहेर पंखासुद्धा नाही. लेकीनं भाजी चिरताना बोट कापून घेतलं, तर हे धावत आले आणि दोन हात लांबच थबकले. मला वाटलं, दुसरी कुणी आहे. हसू नका, खरंच तसंच वाटलं. मग तुमचं पत्र यांच्या पँटच्या खिशात नव्हे, यांच्या हातातच दिसलं. हे स्वयंपाकघरात येऊन ते माझ्यापुढे धरून उभे राहिले, बोलता येईना म्हणून.

मी आधी रडले, मग भांडले. मला सांगायला पंधरा दिवस लागावेत? मला राग आजाराचा नाही. दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन गेले आणि दोघींचं रक्त दिलं. निकालाचा दिवस कसा काढला ते नाही सांगत. आम्ही दोघी निर्मळ आहोत. यांचा निकाल मात्र खराच निघाला. विषाणू आहे.

कुठून आला, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी यांना म्हटलं, शोधत बसू नका, गोळ्या घ्या.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या, सध्या थोडा जड ठेवा.

तुमची,
धाकटी

१० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिने तुला सगळं लिहिलं असं तिनेच सांगितलं, तेही टेचात. मी आता आतल्या खोलीत निजतो.

यकृताच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, यकृत किती कडक झालंय ते पाहिलं. फार बिघडलेलं नाही. रोजच्या गोळ्या, बारा आठवडे. संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं, तेव्हा खरं कळणार. बरा झालो तरी मला पुन्हा कधी रक्त देता येणार नाही. नियमच आहे. ऐकलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

आधीच्या पिशवीचं कळलं. तेव्हा तपासणीत काही दिसलं नव्हतं, तरीही माझा निकाल पक्का होताच पेढीनं रुग्णालयांना कळवून ती कुणाला गेली ते शोधलं. नावं मला सांगत नाहीत, सांगूही नयेत. दोघांना गेली होती. एकाची तपासणी निर्मळ आली. दुसरा पेशंट त्याच्या मूळ आजारानं आधीच गेला होता. माझ्यामुळे नाही, असं समुपदेशक बाई दोनदा म्हणाल्या. पण त्याच्या अंगात माझं काय गेलं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. ताई, या एका गोष्टीवर गोळी नाही.

फोटो अजून त्यांच्या खणात आहे. लावू नका म्हणायला गेलो होतो आणि तिथेच बसून या ओळी लिहिल्या. त्या बाईंनी तीनदा विचारलं की नक्की ना, कारण त्या स्वतः कुणाचा आजार कधीच उघड करत नाहीत, मला लेखी संमती द्यावी लागेल. हिची संमती मी आधी घेतली. कात्री लाव:

‘मी आजवर पन्नास वेळा निःस्वार्थपणे रक्त दिलं. ही पन्नासावी पिशवी कुणालाही दिली गेली नाही. तपासणीत हिपॅटायटिस सी सापडला. मला काही त्रास नव्हता, मला माहीतही नव्हतं. पिशवी नष्ट केली ते बरोबर केलं. बोलावणं आलं तेव्हा घाबरून मी तीन दिवस गेलो नाही. आता औषध चालू आहे. मला यापुढे रक्त देता येणार नाही. तुम्हाला पेढीतून बोलावलं तर जा.’

माया आहेच, तिची खात्री मागत नाही आता.

धाकटा

१७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पहिलं वाक्य काढ, अख्खं. ‘निःस्वार्थपणे’ हा शब्द मी इतक्या श्रद्धांजल्यांत लिहिला आहे की तुझ्या नावापुढे तो मला बघवत नाही. बाकी एका शब्दाला हात लावू नकोस.

लोक बोलतील. कुणी तुझ्या हातचं पाणी नाकारेल. त्या दिवशी मला लिही, मी चार शिव्या पोस्टानं पाठवीन.

माझ्या आशीर्वादाला तिकीट लागत नाही, रोज पाठवते.

ताई

२१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोळ्या संपल्या. आताच्या तपासणीत विषाणू दिसत नाही. पण डॉक्टर अजून हसत नाहीत. फेब्रुवारीत हसेन म्हणाले.

फोटो लागला. लोक बोलले. एका इमारतीच्या सेक्रेटरीनं दुसरा मेकॅनिक पाठवा असा निरोप दिला. लेकीनं ‘देवदूत’ पुसून माझ्याच ओळी सगळ्यांना पाठवल्या. शाबासकी कुणी दिली नाही, काय म्हणावं तेच त्यांना कळेना. मला बरं वाटलं.

आणि काल एक झालं. आमच्या कंपनीचा गाडीवाला, जो आम्हाला सुटे भाग पोचवतो, माझ्यामागे लिफ्टच्या मशीनखोलीत आला. आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला की फोनवर फिरत आलेल्या माझ्या ओळी वाचल्या. उन्हाळ्यात कंपनीच्या शिबिरात त्यानं पहिल्यांदाच रक्त दिलं होतं. नंतर पेढीतून दोन फोन आले, पत्रही आलं. त्यानं नंबर अडवला, पत्र फाडलं. कशाबद्दल आहे ते त्याला ठाऊक नाही, विचारायचंही नाही. बायको सात महिन्यांची गरोदर आहे. एवढं सांगून तो लिफ्टच्या मोटारीकडे बघत राहिला.

मी त्याला, काही होणार नाही, असं म्हणालो नाही. मला काय माहीत? मी म्हटलं, ती खोली छोटी आहे, आधी पाणी देतात, आणि मी बाहेर बसेन.

आज आम्ही गेलो. आत जाताना त्यानं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, पळून जायला नको म्हणून असेल. दार लागलं. हे पत्र मी त्या दारासमोरच्या खुर्चीत मांडीवर लिहितो आहे. आतून काहीच ऐकू येत नाही. किल्ली मुठीत ओली झाली आहे.

दाराची कडी वाजली. उठतो. तुझा आशीर्वाद आज त्याला दे.

धाकटा