तुझ्या गळ्यात नसलेली माळ

आये, तुझ्या गळ्यात काळ्या मण्यांच्या पोतीशिवाय कधी काय नव्हतं. मी मात्र लोकांना सांगितलं, तुझी सोन्याची पुतळ्यांची माळ होती. खोटं तुझ्या नावावर बोलली, म्हणून तुलाच सांगायला पायजे. चौथीत शाळा सोडलेलीचं लिहिणं हाय, अक्षराला नाक मुरडू नको.

तुझी पणती, माझ्या मुलाची पोरगी, बोईसरला औषधांच्या कंपनीत तपासणीच्या कामाला हाय. सकाळी सालवडच्या नाक्यावर कंपनीची बस येते, डोक्याला टोपी लावून दिवसभर उभी असते, संध्याकाळी दमून येते. तिचं जुळवायचं म्हणून मोबाईलवर लग्नाच्या अ‍ॅपात नाव घातलं. तिनं गच्चीवरचा साधा फोटो लावला होता. बरेच दिवस कोणी विचारलं नाय. मी बोलली, "कपडे वाळत घालायला आल्यासारखी दिसतेस." ती बोलली, "तेच करत होती, आजी." मग तिच्या मैत्रिणीनं दुसरं एक अ‍ॅप दाखवलं. त्यात आपले आठदहा फोटो टाकायचे, समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि कसला पेहराव पायजे ते निवडायचं. पोरीनं पारंपरिक निवडलं. चहा होईपर्यंत फोटो तयार! अंगावर गाऊन, हातात चहाचा कप घेऊन बसलेली पोरगी तिकडं पैठणी नेसून उभी. तोंड तिचंच, पण हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण पुसलेला, कातडी लोण्यासारखी. आणि गळ्यात दोन पदरांची पुतळ्यांची माळ. माळ आमी मागितलीच नव्हती, त्यानं आपल्या मनानं घातली. पोरगी बोलली, "आजी, हे लावायचं तर खाली लिहूया, फोटो बनवलेला हाय म्हणून." मला असल्या कटकटीचा कंटाळा. "तोंड तुझंच हाय ना? लाव आणि मोकळी हो." मग लग्नाच्या अ‍ॅपवाल्यांनी तिला कॅमेऱ्यासमोर मान फिरवायला लावली, डोळे मिटायला लावले, आणि तिच्या नावापुढं निळी खूण आली. "बघ, त्यांनीपण पास केलं," मी बोलली. त्यांनी फक्त तोंड जुळवलं होतं. गळ्याचं त्यांना काय पडलंय.

मग एक स्थळ आलं, आणि गळा बघणारी त्या मुलाची आई निघाली. डहाणूकडची माणसं, मुलगा तारापूरला नोकरीला. तिनं फोन केला, तोंड दिसतं तसला. मी बोंबील तळत होती. "मावशी, फोटोतली माळ जुन्या घडणीची दिसते. घरातली काय?" आता, नाय बोलायला किती वेळ लागतो? पण तिचं तोंड असं खुललं होतं की मी बोलून गेली, "हो, माझ्या आयेची." ती बोलली, "माझ्या आईचीपण अशीच होती हो, मोडावी लागली." फोन ठेवला तवर बोंबील करपले. घरच्यांना मी बोंबलांचंच वाईट वाटतंय असं दाखवलं.

त्या रात्री नाय, दुसऱ्या दिवशी बाजारात सुकट विकायला बसली तेव्हा तू आठवलीस. मला बघायला येणार होते तो दिवस. तू ओट्यावर बोंबील साफ करतेस, हात कोपरापर्यंत ओले. शेजारची वयनी आपला हार घेऊन येते आणि माझ्या गळ्यात घालते. मी आरशापुढून हलत नाय. तू येतेस, हात पुसतपण नाय, तसल्याच हातांनी हार काढतेस. "उद्या परत द्यायचा तो आज कशाला? माणसं तुला बघायला येतात का हिच्या सोन्याला?" माझ्या मानेला माशाचा वास लागला म्हणून मी रडली, सोन्यासाठी रडली ते सांगितलं नाय. चहा देताना तू पाहुण्यांना आपणहून बोललीस, "सोनं नाय आमच्याकडं. पोरगी कामाला चपळ हाय, तोंडानं फटकळ हाय. नंतर बोलू नका सांगितलं नाय." सासरा एवढा हसला की बशीतला चहा धोतरावर सांडला. हे सगळं आठवूनपण मी डहाणूला फोन केला नाय. आठवण काय, येते आणि जाते.

माणसं घरी आली. पोरगी साध्या साडीत, गळ्यात बारकी साखळी. पोहे झाले. मुलाची आई बोलली, "मावशी, ती माळ जरा बघायला मिळेल काय? तसल्याच घडणीच्या कुड्या सुनेला करायच्या मनात हाय." माझी जीभ सैल झालेलीच होती. "बँकेत ठेवलीय, लॉकरमध्ये." तिनं पोह्यांची बशी खाली ठेवली. परत विचारलं, अगदी हळू, "कधी आणाल तेव्हा दाखवाल?" मी मान हलवली. तेवढ्यात पोरगी आतून आली. "आजी, पुरे आता. काकी, माळ नाय. कधी नव्हती. फोटो अ‍ॅपानं बनवलाय, साडीपण माझी नाय. मी तेव्हाच सांगायला पायजे होतं." माझा मुलगा खाली बघत बसला. मुलाच्या आईनं पर्समधून मोबाईल काढला, फोटो मोठा केला आणि माझ्यापुढं धरला. "मला ठाऊक होतं, मावशी. कुड्यांसाठी पालघरच्या सोनाराला दाखवला. तो बोलला, ताई, हे कुणी घडवलेलं नाय. बघा, खांद्याजवळ दोन पदरांचा एकच होतो. एका पुतळीवर तोंड हाय, बाकीच्यांवर नुसते डाग." मी बोलली, "मग विचारलं कशाला?" ती बोलली, "तुमी सांगाल म्हणून. दोनदा विचारलं."

आये, मी बाजारात पोलिसाशी भांडलेली बाई. त्या दिवशी मला उठून पाणी द्यायलापण जमलं नाय.

चार दिवस काय कळलं नाय. पोरगी कंपनीत जायची, यायची, माझ्याशी बोलायची जेवढ्यास तेवढं. बनवलेला फोटो तिनं काढला, गच्चीवरचा परत लावला, हनुवटीच्या व्रणासकट. मग डहाणूचा फोन आला. पोरगी पसंत हाय बोलले. मुलाची आई मला बोलली, "ती खरं बोलली म्हणून हो. तुमच्यासाठी नाय." समोर असती तर मी तिच्या तोंडाकडं बघितलं नसतं. फोन ठेवायच्या आधी बोलली, "ज्या आईचं नाव घेतलंत ती दिसायला कशी होती, तेवढं पाठवा. खरा फोटो."

तुझा एकच फोटो हाय, मतदानाच्या कार्डावरचा. धुरकट, डोळे अर्धे मिटलेले, गळ्यात काळी पोत. मी पोरीला बोलली, जरा साफ करून दे, डाग तेवढे काढ. तिनं माझ्याकडं बघितलं, पण करून दिला. धूर गेला, डोळे उघडले, गाल भरले. जे दिसत नव्हतं ते अ‍ॅपानं आपल्या मनानं घातलं. बाई सुंदर आली, पण तू नाय.

डहाणूला मी धुरकट फोटोच पाठवला. खाली लिहिलं, सोनं नव्हतं.

हे पत्र पत्र्याच्या डब्यात राहील, जायचं कुठं हाय त्याला. एक सांगायचं राहिलं. तो साफ केलेला फोटो पोरीनं पुसायला सांगितला, मी हो बोलली आणि पुसला नाय. अजून माझ्या मोबाईलात हाय. त्यात तू माझ्याकडं बघून हसतेस.